योनाचं झाड

आमच्या परसात उकिरड्याच्या कडेला एरंड आपोआप उगवायचा. गुडघा सुजला की आजी त्याचं पान तव्यावर गरम करून बांधायची. कौतुक म्हणून त्या झाडाच्या वाट्याला कधी आलं नाही. 'ओसाड गावी एरंड बळी' हीच काय ती त्याची ख्याती. या झाडावरून एकेकाळी चर्चमध्ये गोंधळ माजला होता, हे कळलं तेव्हा मला आधी हसूच आलं.

गोष्ट बायबलमधल्या योना संदेष्ट्याची. माशाच्या पोटातून सुटलेला योना निनवे नगराला बुडण्याचा इशारा देतो. नगर पश्चात्ताप करून वाचतं, आणि हा रुसून गावाबाहेर जाऊन बसतो. देव त्याच्या डोक्यावर सावलीसाठी एक झाड उगवतो. दुसऱ्या दिवशी पहाटे कीड लागून ते सुकतं. हिब्रू मूळ ग्रंथात या झाडाचं नाव आहे 'किकायोन'. हा शब्द चौथ्या अध्यायात पाच वेळा येतो, आणि बायबलच्या हिब्रू भागात इतरत्र कुठेच येत नाही.

भाषांतरकाराची अडचण इथेच सुरू होते. शब्द शंभर ठिकाणी आला असेल तर एका जागचा अर्थ दुसऱ्या जागी ताडून बघता येतो. एकाच गोष्टीत आलेला शब्द ताडायचा कशाशी? इसवी सनापूर्वीच्या शतकांत हिब्रू ग्रंथांचं ग्रीक भाषांतर झालं, त्याला 'सेप्टुअजिंट' म्हणतात. त्यात इथे भोपळा आला. भराभर वाढणारा, रुंद पानांचा, मांडवावर सावली धरणारा म्हणून तो सुचला असावा. जुन्या लॅटिन भाषांतरांनी हिब्रूकडे न बघता ग्रीकवरूनच भोपळा उचलला. पुढे कैक पिढ्या योना भोपळ्याच्या वेलाखालीच बसून राहिला.

मग आला ख्रिस्ती विद्वान जेरोम. बेथलेहेममध्ये राहून, हिब्रू शिकून, त्याने थेट मुळावरून लॅटिन भाषांतर केलं. किकायोनपाशी आल्यावर मात्र तोही अडला. झाड त्याला ठाऊक होतं. पॅलेस्टाइनमध्ये वाळूत उगवणारं, द्राक्षवेलीसारख्या रुंद पानांचं, कशाचा आधार न घेता आपल्याच खोडावर उभं राहणारं झुडूप, असं त्याचं नेमकं वर्णन त्याने केलं आहे. पण लॅटिनमध्ये त्याला नाव नाही, असं त्याचं म्हणणं. हिब्रू शब्द तसाच ठेवला तर वाचणाऱ्याला तो काय आहे ते कळणार नाही. म्हणून त्याने आधीच्या काही ग्रीक भाषांतरकारांच्या पावलावर पाऊल टाकलं आणि 'आयव्ही' लिहिलं. भिंतीवर चढणारी ती वेल. म्हणजे झाड उभं असतं हे माहीत असून त्याने वेलच पसंत केली.

गंमत म्हणजे लॅटिनमध्ये नाव होतं. रोमन लेखक प्लिनीने तीनशे वर्षांआधी नोंदवलंय की या झाडाची बी गोचिडीसारखी दिसते, म्हणून लोक त्याला 'रिसिनस', म्हणजे गोचीडच, म्हणतात. एरंडीची बी हातात घेऊन बघा, नाव पटतं. इतक्या विद्वान माणसाला ते आठवू नये, किंवा आठवूनही रुचू नये, याचं मला नवल वाटतं.

४०३ साली उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने जेरोमला एक पत्र लिहिलं. ओएया, म्हणजे आजच्या लिबियातलं त्रिपोली, इथल्या बिशपने चर्चमध्ये जेरोमचं नवं भाषांतर वाचायला लावलं. योनाच्या गोष्टीत लहानपणापासून कानांत बसलेला शब्द बदललेला ऐकून लोक खवळले, विशेषतः ग्रीक. बिशपने गावातल्या यहुदींना विचारलं, तर त्यांनी हिब्रूतही जुन्या भाषांतरांसारखंच आहे असं सांगितलं. चर्च रिकामं पडेल या धास्तीने बिशपला तो मजकूर चूक म्हणून बदलावा लागला. जेरोमने उत्तरात आपल्या शब्दाचं समर्थन केलं. योनाच्या पुस्तकावरच्या भाष्यात तर त्याने टीकाकारांना टोमणाही मारला आहे: भोपळा जाऊन आयव्ही आली, तर यांना चोरून प्यायला भांडं उरणार नाही ना! तुंब्यात पाणी भरणाऱ्या आपल्या लोकांना हा विनोद समजावून सांगायला नको.

बहुधा ते झाड भोपळाही नव्हे आणि आयव्हीही नव्हे. यहुदींच्या तालमूद ग्रंथात एक प्रवासी रब्बी सांगतो की योनाचं झाड मी स्वतः पाहिलंय. ते ओल्या जागी उगवतं, त्याच्या बियांचं तेल काढतात. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने इजिप्तमधल्या अशाच दिव्याच्या तेलाला 'किकी' म्हटलं आहे. आजच्या हिब्रूत किकायोन म्हणजे एरंडच. हे सगळे पुरावे एका दिशेला जातात, पण त्यांतून एरंड सिद्ध होतो असं नाही. म्हणूनच १६११च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलमध्ये ओळीत भोपळा आहे आणि समासात एरंडाचं जुनं नाव व हिब्रू शब्द दिला आहे. 'न्यू इंटरनॅशनल' आवृत्तीत आधी नुसती वेल होती, २०११ साली ती 'पानाळ रोपटं' झाली. यहुदींच्या १९८५च्या इंग्रजी भाषांतराने मात्र सरळ एरंड लिहिला.

आवृत्त्या शेजारी ठेवून वाचायच्या, तर नजर आधी समासाकडे आणि तळटिपांकडे न्यावी. तिथे 'किंवा' दिसलं की समजावं, भाषांतरकाराने मूळ एकच वाचलंय, शंका अर्थाची आहे. अशा वेळी कोण खरं हे विचारण्याआधी गोष्टीचं काय बिघडतं ते बघावं. योनाच्या गोष्टीला रातोरात आलेली आणि सकाळी गेलेली सावली हवी. ती भोपळ्यानेही मिळते आणि एरंडानेही. मराठीत एरंड लिहिला तर वनस्पती जवळची येईल, पण सोबत म्हण आणि एरंडेलाचा वासही येईल. गंभीर प्रसंगी वाचक फिसकन हसेल. भाषांतरकार एखादा नेमका शब्द टाळतो, तेव्हा तो अज्ञानापोटीच टाळतो असं नाही.

याच पुस्तकात दुसऱ्या जातीचा एक फरक आहे, आणि तो पहिल्याशी घोळू नये. योना निनवेला किती दिवसांची मुदत देतो? हिब्रूत चाळीस दिवस, सेप्टुअजिंटमध्ये तीन. इथे शब्द अवघड नाही, आकडाच वेगळा आहे. हिब्रूतल्या 'तीन' आणि 'चाळीस' या शब्दांत अक्षरांचंही साम्य नाही, म्हणून जेरोमलाही याचं आश्चर्य वाटलं होतं. योना तीन दिवस माशाच्या पोटात होता, निनवे तीन दिवसांच्या वाटेएवढं मोठं होतं, म्हणून लिहिणाऱ्याच्या हातून इथेही तीन उतरला असेल, हा एक तर्क. अशा फरकात शब्दकोश उघडून उपयोग नसतो. आवृत्तीची प्रस्तावना उघडायची आणि तिने कोणत्या भाषेतली संहिता पायाला घेतली ते बघायचं. हिब्रूवरून केलेल्या दहा आवृत्त्या चाळीस म्हणत असतील, तरी त्या दहा साक्षी नाहीत, एकच आहे. ओएयाच्या लोकांचंही तेच झालं होतं: जुनं लॅटिन हे ग्रीकचंच लेकरू, आणि त्यांनी आईला व लेकराला दोन साक्षीदार धरलं.

ऑगस्टीनला दोन्ही आकडे सोडवेनात. 'देवाचे नगर' या ग्रंथात तो म्हणतो की संदेष्ट्याने चाळीसच म्हटलं असणार, पण ग्रीकच्या तीनमध्येही अर्थ आहे. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चने सेप्टुअजिंट सोडलंच नाही. तिथे ईस्टरच्या आदल्या दिवशी योनाचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात, आणि निनवेला आजही तीनच दिवस मिळतात.