लाकडाच्या खोपीपासून जांभ्याच्या पडवीपर्यंत

गुणकाचा धडा आला की अर्थशास्त्राच्या वर्गात पडद्यावर एक ठरलेली स्लाइड येते. पहिल्या ओळीत १०० रुपये, खाली ८०, त्याखाली ६४, मग ५१.२० आणि तळाशी बेरीज ५००. कुणीतरी १०० रुपये दिले, घेणाऱ्याने त्यातले ८० खर्च केले, ते ज्याला मिळाले त्याने ६४ खर्च केले, अशी ती साखळी. रत्नागिरीतला विद्यार्थी ही बेरीज पाठ करतो. पण ८० रुपये कोणाच्या दुकानात गेले, हे त्या तक्त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

ही साखळी कागदावर आली ती बेकारीच्या चिंतेतून. १९२९ च्या ब्रिटिश निवडणुकीत लिबरल पक्षाचे लॉइड जॉर्ज यांनी रस्ते आणि घरं बांधून बेकारांना काम देण्याचं वचन दिलं. अर्थतज्ज्ञ केन्स आणि हेंडरसन यांनी त्याच्या बाजूने पुस्तिका लिहिली. रस्त्यावर प्रत्यक्ष राबणाऱ्या मजुरांची संख्या मोजता येत होती. पण त्यांच्या मजुरीतून जोडे, कपडे, पाव विकत घेतले जातील आणि त्यामुळे आणखी किती हातांना काम मिळेल, याचा नेमका आकडा पुस्तिकेत देता आला नाही. तो हिशेब केंब्रिजच्या रिचर्ड कान यांनी १९३१ मध्ये मांडला. तेव्हा ते पंचविशीत होते. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा ठरावीक प्रमाणात लहान होत जाते, म्हणून फेऱ्या कितीही झाल्या तरी बेरीज एका मर्यादेत राहते, हे त्यांनी दाखवलं. फेरी लहान का होते, हेही त्यांनी तितक्याच काळजीने सांगितलं. काही पैसा आयात मालावर जातो, काही नफा खर्चच होत नाही, आणि काम मिळालेल्या माणसाचा बेकारभत्ता थांबतो.

दोन वर्षांनी, १९३३ मध्ये, केन्सनी ‘टाइम्स’मधल्या लेखांतून तो हिशेब सामान्य वाचकापुढे ठेवला. त्यांचं गणित असं होतं: खर्च केलेल्या रकमेपैकी सुमारे ७० टक्के कुणाच्या तरी देशांतर्गत उत्पन्नात जातात, आणि त्या उत्पन्नातले ७० टक्के पुन्हा खर्च होतात. सत्तराचे सत्तर टक्के म्हणजे ४९, ढोबळमानाने निम्मे. म्हणून एक, मग अर्धा, मग पाव, आणि बेरीज दोन. या मांडणीत दोन वेगळ्या गळत्या होत्या: एक दुकानाच्या गल्ल्यापाशी, दुसरी मिळवणाऱ्याच्या खिशापाशी.

पुढे साखळी सोपी होत गेली. पॉल सॅम्युएलसन यांच्या पाठ्यपुस्तकात ती एका खोपीच्या रूपाने आली. कुणीतरी १,००० डॉलर खर्चून लाकडं ठेवायची खोप बांधतो. सुतार आणि लाकूड पुरवणारे ते उत्पन्न मिळवतात, त्यातला दोन तृतीयांश, म्हणजे ६६६.६७ डॉलर खर्च करतात, मग ४४४.४४, आणि बेरीज ३,००० वर जाते. उदाहरण सुंदर आहे, म्हणूनच जगभर टिकलं. पण केन्सच्या दोन गळत्यांपैकी गल्ल्यापाशची इथे दिसेनाशी झाली. मोठ्या देशाच्या बंदिस्त हिशेबात ते खपून जातं. एका वाडीच्या हिशेबात खपत नाही.

मनीऑर्डरवर चालणारा जिल्हा अशी ओळख ज्याने वागवली, त्या रत्नागिरीत ही उणीव सहज दिसते. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्यांचा पैसा पोस्टमन घरी आणून देत असे. पिढ्यान्पिढ्या पैसा येत राहिला, मग जिल्ह्याचं उत्पन्न स्लाइडप्रमाणे पाचपट का झालं नाही?

हिशेब करून बघावा. आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले. मुंबईहून १०,००० रुपये आले आणि ते सगळे घरखर्चात गेले. तांदूळ, डाळ, तेल, साबण, काडेपेटी वाण्याकडून आणली. त्यातला बहुतेक माल घाटावरून किंवा मुंबईहून येतो. वाण्याच्या हाती, हमालीसकट, १,५०० रुपये राहिले असं धरू. बाकीचे ८,५०० त्याच दिवशी घाट चढले. इथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायची. मनीऑर्डर हाती पडणं हे वाडीत घडलेल्या कामाचं उत्पन्न नाही. पैसा फक्त हात बदलून आला आहे. वाडीची पहिली फेरी सुरू होते ती या १,५०० पासून.

आता तेच १०,००० घराच्या पडवीवर खर्च होतात असं समजू. चिरे जवळच्या खाणीतले, जांभ्याचे. गवंडी शेजारच्या वाडीतला, बिगारी गावातले. मजुरी आणि चिऱ्यांच्या पैशांतून ७,००० रुपये गावपरिसरातल्या माणसांच्या हातात राहिले. सिमेंट, सळई आणि खाणीच्या यंत्राचं डिझेल यांचे ३,००० बाहेर गेले. गवंडी मिळालेल्या शंभरातले ८० खर्च करतो. त्यातले निम्मे, ४० रुपये, मासे, दूध, शिवणकाम, रिक्षा अशा ठिकाणी, म्हणजे पुन्हा इथल्याच माणसांकडे जातात. फेऱ्या अशा: ७,०००, मग २,८००, १,१२०, ४४८, १७९. पाच फेऱ्यांतच बेरीज ११,५४७ होते आणि पुढच्या सगळ्या फेऱ्या मिळून जेमतेम १२० रुपयांची भर पडते. एकूण ११,६६७. याच प्रमाणाने वाण्याच्या १,५०० चे होतात २,५००. पाठवलेली रक्कम तीच, पाठवणारा तोच; पण गावाच्या पदरात पडलेलं उत्पन्न साडेचारपटीहून अधिक वेगळं. फरक पुढच्या फेऱ्यांत नाही, सगळा पहिल्याच फेरीत आहे.

दुसरी अडचण अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९५२ मध्ये दाखवली. राव केंब्रिजला शिकलेले, केन्सची पद्धत त्यांना आतून ठाऊक होती. त्यांचं म्हणणं होतं की ही साखळी रिकामे कारखाने आणि रिकामे हात गृहीत धरते. भारतात मात्र शेतकरी पिकवलेल्यातलं बरंचसं स्वतःच खातो, आणि मागणी वाढली म्हणून भात लगेच जास्त पिकत नाही. मग पैशाच्या फेऱ्या होतात, पण मालाच्या होत नाहीत. भाव तेवढे चढतात.

पडवीच्या गोष्टीत हे दर उन्हाळ्यात दिसतं. छपराचं आणि बांधकामाचं काम पावसाआधी उरकायचं असतं. त्याच एप्रिल-मेमध्ये हापूसची काढणी असते. गवंडी आणि बिगारी दोन्हीकडे हवे असतात. अशा वेळी आलेले आणखी १०,००० नवं काम उभं करत नाहीत; मजुरीचा रोज वाढतो आणि शेजाऱ्याची पडवी पुढच्या सालावर जाते. वहीत उत्पन्न वाढलेलं दिसतं, गावात चिरा एकही जास्त लागलेला नसतो. खरी साखळी चालली की नुसती महागाई झाली, हे ओळखायचं तर रुपये बाजूला ठेवून कामाचे दिवस आणि लागलेले चिरे मोजावे लागतात.

आणि मजूर कमी पडतात तेव्हा बागांत नेपाळहून आलेले कामगार असतात. राखण, काढणी, पेट्या भरणं ही कामं ते करतात, तात्पुरत्या खोपटात राहतात आणि मजुरीतला जमेल तेवढा भाग घरी पाठवतात. रत्नागिरीच्या तक्त्यात ती रक्कम गळती म्हणून लिहायची. नेपाळातल्या त्यांच्या घरी ती पोचते, आणि तिथल्या दुकानात तांदूळ घ्यायचा की घराची भिंत बांधायची, हे ठरतं.