एका घराची बेरीज

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या पेपरात हमखास येणारा एक प्रश्न आहे: मूलभूत गेट वापरून एएलयूची एका बिटाची स्लाइस काढा. मुलं आकृती पाठ करून जातात. तिचं मूळ मात्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे.

१९३७च्या नोव्हेंबरात बेल लॅब्जमधला गणिती जॉर्ज स्टिबिट्झ टाकाऊ टेलिफोन रिले घरी घेऊन गेला. तंबाखूच्या डब्याचा पत्रा कापून त्यानं बटणं केली आणि उत्तर दिसावं म्हणून टॉर्चचे दिवे लावले. शून्य किंवा एक असे दोन आकडे द्यायचे की बेरीज दिव्यांवर उमटायची. किचनवरून बायकोनं त्या यंत्राला ‘मॉडेल के’ म्हटलं. त्याच वर्षी एमआयटीत क्लॉड शॅनन आपल्या प्रबंधात दाखवत होता की बूलचं बीजगणित स्विचच्या जोडणीला तंतोतंत लागू पडतं. त्यातही द्विमान बेरजेचं सर्किट आहे.

शाळेत आपण बेरीज घराघरानं करतो. एककाचं घर झालं की हातचा घेऊन दशकाच्या घरात जायचं. प्रत्येक घरातलं काम सारखंच, म्हणून एका घराचं सर्किट नीट जमलं की तेच ओळीनं मांडता येतं. स्लाइस म्हणजे हे एक घर. (१९४९च्या केंब्रिजच्या एडसॅकनं तर एकाच घरातून एकामागून एक बिट नेले. सामान वाचलं, वेळ गेला.)

घरात A आणि B हे दोन बिट, शिवाय मागून आलेला हातचा:

```
S    = A ⊕ B ⊕ Cin
Cout = A·B + Cin·(A ⊕ B)
```

दोन एक्सऑर, दोन अँड आणि एक ऑर, झाला फुल ॲडर. शेजारी A, B यांचे साधे अँड, ऑर आणि एक्सऑर ठेवायचे आणि चारही उत्तरं मल्टिप्लेक्सरला द्यायची. दोन निवड-तारांवरचा आकडा ओळखून तो एकच वाट उघडतो. त्यासाठी दोन नॉट, तीन-तीन तोंडांचे चार अँड आणि शेवटी एक ऑर लागतो. नॉट-अँडचा भाग खरं तर डिकोडरच आहे. स्लाइस आधी ‘काय करायचं’ ते ठरवून काम करत नाही. चारही कामं एकदमच होतात, फक्त एकाला दाराबाहेर सोडलं जातं.

मुलं अडकतात ती वजाबाकीत. वेगळं सर्किट लागत नाही. B च्या वाटेवर एक एक्सऑर घालायचा आणि त्याच्या दुसऱ्या तोंडाला वजाबाकीची तार जोडायची, म्हणजे B उलटतो. सातातून पाच वजा करू: 0111, आणि 0101 उलटून 1010. बेरीज 10001. पाचवा बिट सोडला की उरतो 0001, म्हणजे एक. उत्तर दोन हवं होतं! उलटलेल्या आकड्यात एक मिळवायचा राहिला. तीच वजाबाकीची तार पहिल्या घराच्या Cin ला जोडली की 10010 येतं, म्हणजे दोन. उत्तर दर वेळी नेमकं एकानं कमी येत असेल तर गेट तपासू नका, ही तार पाहा.

घरं वाढली की दुसरी अडचण येते. प्रत्येक घर मागच्याच्या हातच्याची वाट पाहतं, आणि हातचा दर घरात एक अँड, एक ऑर ओलांडतो. चार घरांत हे खपतं, चौसष्टांत नाही.

१९७०मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं चार घरं एका चिपवर आणली: ७४१८१, चोवीस पिना, साधारण पंचाहत्तर गेट. चारही घरांचा हातचा एकदम काढण्याची सोय आतच होती. झेरॉक्सच्या १९७३च्या ऑल्टोचा सोळा बिटांचा एएलयू अशा चार चिपांचा होता.

गंमत म्हणजे पेपरात आपण शेवटी बसवतो तो मल्टिप्लेक्सर या चिपमध्ये नाही. S0 ते S3 या चार तारा घराच्या तोंडाशीच A-B चं मिश्रण बदलतात, आणि M ही तार हातच्यांना गप्प बसवते. हातचा नसलेली बेरीज म्हणजे एक्सऑर, हे ओळखून केलेली काटकसर. एएलयूची आकृती म्हणून मला तरी पेपरातल्यापेक्षा हीच जास्त आवडते.

७४१८१च्या माहितीपत्रकात S3 ते S0 वर 0110 ही निवड पाहा. M एक असेल तर A ⊕ B. M शून्य आणि हातचा दिलेला असेल तर A वजा B. आणि हातचा दिलाच नाही तर तिथे छापलंय: A वजा B वजा 1. सातातून पाच वजा करून एक काढणाऱ्या मुलाचं उत्तर हेच. फक्त जपून, सरळ आकड्यांसाठी त्या चिपची हातच्याची तार उलटी आहे: शून्य दिला की हातचा दिला.