नाहीशी होणारी गाठ: एका फसव्या पुराव्याचा इतिहास

एक पेशंट डोळ्यांसमोर आणा. साल 1986, वय 19. उजवा हात अचानक झटके देऊ लागला, झटके चेहऱ्यापर्यंत गेले आणि दोन मिनिटांत थांबले. ताप नाही, खोकला नाही, वजन घटलेलं नाही. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला साधारण 12 मिलिमीटरची एक गाठ दिसते. शिरेतून डाय दिल्यावर ती अंगठीसारखी उजळते, भोवती थोडी सूज आहे. डॉक्टर फिटच्या गोळ्या देतात आणि सोबत टीबीची औषधंही सुरू करतात. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन होतो आणि गाठ गायब असते.

आता सांगा, गाठ कशाची होती? "टीबीची" म्हणाला असाल, तर त्या काळातल्या बऱ्याच हुशार डॉक्टरांच्या पंगतीला तुम्ही बसलात. (हा पेशंट मी कल्पिलेला आहे, पण 1980च्या दशकात अगदी असे पेशंट भारतातल्या न्यूरॉलॉजी ओपीडीत सतत येत होते.)

त्यांचा अंदाज मूर्खपणाचा मुळीच नव्हता. सीटी येण्याआधी भारतातल्या सर्जननी मेंदूतून काढलेल्या गाठींमध्ये टीबीच्या गाठींचं, म्हणजे ट्युबरक्युलोमाचं प्रमाण मोठं होतं. पण त्या गाठी मोठ्या असायच्या. डोकेदुखी, उलट्या, लकवा यांनी जेरीस आलेले लोकच ऑपरेशनपर्यंत पोचायचे. सीटीने पहिल्यांदाच अशा लोकांच्या मेंदूत डोकावता आलं, ज्यांना एखादी फिट सोडून काहीच त्रास नव्हता. म्हणजे यंत्र नवीन, पेशंटही नवीन, आणि अर्थ लावायला अनुभव मात्र जुन्या पेशंटांचा. शिवाय औषध दिलं की गाठ जायची. याहून ठोस पुरावा काय हवा?

पण काही जणांना खटकत होतं. पुण्यातून डॉ. वाडिया आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये अशा अंगठी किंवा चकतीसारख्या गाठी असलेल्या फोकल फिटच्या पेशंटांवर लिहिलं. गाठ हे फिटचं कारण नसून परिणाम आहे, झटक्यांमुळे तिथे तात्पुरती सूज येते, असंही एक मत होतं. 1989 मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या आहुजा आणि सहकाऱ्यांच्या लेखाचं शीर्षकच प्रश्नार्थक होतं: कारण टीबी की सिस्टिसर्कोसिस?

सिस्टिसर्कोसिस म्हणजे डुकरातल्या पट्टकृमीच्या, टीनिया सोलियमच्या अळ्यांचे फोड शरीरात होणं. ते मेंदूत झाले की न्यूरोसिस्टिसर्कोसिस. हे नाव भारतीय डॉक्टरांना नवं नव्हतं. भारतात नोकरी करून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांना फिट का येतात, याचा शोध मॅकआर्थर या लष्करी डॉक्टरने 1930च्या दशकात घेतला होता. 1961 मध्ये डिक्सन आणि लिप्सकोम यांनी अशा 450 जणांचा अभ्यास छापला. लागण झाल्यानंतर पहिली फिट येईपर्यंत बहुधा काही वर्षं गेलेली असतात, हे त्यातून दिसलं. पण त्या सैनिकांच्या अंगात पुष्कळ फोड असायचे, कातडीखाली गाठी हाताला लागायच्या, स्नायूंच्या एक्सरेत खडूसारखे ठिपके दिसायचे. आपल्या 19 वर्षांच्या पेशंटला एकच गाठ. शिवाय तो शाकाहारी असला तर? मग डुकराचा किडा आला कुठून!

इथे जीवनचक्र नीट समजून घ्या, कारण आजही तोंडी परीक्षेत लोक इथेच अडखळतात. कच्चं राहिलेलं, फोड असलेलं डुकराचं मांस खाल्लं तर माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूत फोड होत नाहीत. मेंदूतला फोड होतो तो कृमीची अंडी पोटात गेल्यावर, आणि ती अंडी माणसाच्या विष्ठेतून येतात. म्हणजे ज्याच्या आतड्यात कृमी आहे अशा कुणाच्या न धुतलेल्या हातातून किंवा दूषित पाण्या-भाजीतून. आयुष्यभर मांसाला न शिवलेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो.

वाद मिटायला गाठ हातात घेऊन बघणं भाग होतं. रक्ताची तपासणी उपयोगी पडत नव्हती, कारण फोड एकच असला तर ती अनेकदा निगेटिव्ह येते (आजही). वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये चांडी, राजशेखर आणि सहकाऱ्यांनी या छोट्या गाठी ऑपरेशन करून काढल्या, तपासल्या आणि 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडला: या एकुलत्या छोट्या गाठींमागचं मुख्य कारण सिस्टिसर्कोसिस आहे. अर्थात याही पुराव्याला मर्यादा आहे. जी गाठ विरून गेली तिची बायोप्सी कुणीच करू शकत नाही. तपासल्या गेल्या त्या फक्त तेव्हा शिल्लक असलेल्या गाठी.

मग टीबीच्या औषधांनी त्या जात का होत्या? जात नव्हत्याच. जिवंत फोड मेंदूत वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, आपल्या प्रतिकारशक्तीला चकवत. तो मरायला लागला की हे लपणं संपतं, शरीर हल्ला करतं, भोवती सूज येते आणि फिट येते. अंगठीसारखी उजळणारी गाठ म्हणजे मरणारा फोड. पेशंट दवाखान्यात आला तेव्हाच त्याचा शेवट सुरू झालेला होता. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो विरतो, कधी मागे चुन्याचा ठिपका ठेवतो. त्या काळात तुम्ही टीबीची औषधं द्या किंवा नुसत्या फिटच्या गोळ्या, दुसरा स्कॅन बहुतेकदा चांगलाच येणार. नुसत्या फिटच्या गोळ्यांवर ठेवलेल्यांच्या गाठीही जातात, हे दिसलं आणि औषधाचं श्रेय गेलं. टीबीच्या औषधांच्या त्या सगळ्या यशोगाथांमध्ये तुलनेचा गटच नव्हता.

किंमत पेशंटांनी मोजली. कित्येक महिने नको असलेली औषधं, लिव्हरला धोका, आणि वर रिफॅम्पिसिन फिटच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण कमी करतं. म्हणजे फिट थांबवायला आलेल्याला उलट फिट येण्याची शक्यता वाढवून ठेवली.

टीबी मात्र खोटा नव्हता, काहींना तो असतोच. म्हणून राजशेखर आणि सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात निकष बांधले: गाठ एकच, 20 मिलिमीटरपर्यंत, मेंदूची मधली रेषा सरकवणारी सूज नाही, मेंदूवरचा दाब वाढल्याची कायम लक्षणं नाहीत, वाढत जाणारा लकवा नाही, अंगात दुसरीकडे आजार नाही. यात बसलं तर फिटच्या गोळ्या द्या आणि काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करा. गाठ वाढली तर निदानावर शंका घ्या.

मजा म्हणजे तोच सापळा लगेच पुन्हा लागला, या वेळी अल्बेंडाझोलच्या नावाने. कृमी आहे तर कृमीचं औषध द्या, गाठ जाते, झालं! एम्सच्या पद्मा आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये प्लॅसिबो गट ठेवून चाचणी छापली, तर एका गाठीच्या पेशंटांत फरक दिसला नाही. 1998 मध्ये चंडीगडच्या गटाने मुलांवर तशीच चाचणी केली, तर अल्बेंडाझोलने गाठी लवकर गेल्या. दोन्ही चाचण्या शेजारी ठेवून वाचा. प्रश्न आता 'गाठ जाते का' हा उरला नव्हता, 'किती लवकर जाते' हा झाला होता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, जिथे हा आजार मुरलेला आहे अशा बऱ्याच भागांत अपस्माराच्या सुमारे 30 टक्के केसेसमागे हाच कृमी असतो. निदान बदललं की घरी विचारायचा प्रश्नही बदलतो. टीबी समजलात तर विचारता, घरात खोकतंय कोण? फोड समजलात तर शोधायचा असतो तो आतड्यात कृमी असलेला माणूस. तो अनेकदा स्वतः ठणठणीत असतो, कधी त्याच घरात स्वयंपाक करत असतो, आणि त्याच्यावरचा उपचार म्हणजे प्राझिक्वांटेल किंवा निक्लोसामाइडचा बहुधा एकच डोस.