कृष्णविवराचा विरत जाणारा नाद: विश्वेश्वरा यांचा वक्र

१९७० साली 'नेचर' या नियतकालिकात भारतीय भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा यांचा एक छोटा निबंध प्रसिद्ध झाला. कृष्णविवर दिसत नाही. मग त्यावर गुरुत्वीय लहरींचा आघात केला तर परत काय येईल, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी गणिताने एक तरंगपुंज कृष्णविवरावर सोडला. पुंज रुंद असताना विशेष काही आढळले नाही. त्याची रुंदी कृष्णविवराच्या आकाराइतकी लहान केल्यावर मात्र परतणाऱ्या लहरीच्या शेपटाला एक ठरावीक रूप आले: क्रमाक्रमाने विरत जाणारे दोलन. त्याची वारंवारता आणि विरण्याचा वेग आघातावर नव्हे, तर कृष्णविवरावर अवलंबून होता. घंटेवर कशानेही टोला द्यावा, नाद घंटेचाच उमटावा, तसे हे होते.

या रूपाचे सूत्र विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे:

h(t) = A e^(−t/τ) cos(2πft)

१४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोने दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून आलेल्या लहरी प्रथमच टिपल्या. त्या संपूर्ण संकेतावरून नव्या कृष्णविवराच्या नादासाठी f सुमारे २५० हर्ट्झ आणि τ सुमारे ४ मिलीसेकंद येते. आवर्तकालही ४ मिलीसेकंदच असल्याने हा आलेख हाताने काढण्यास सोयीचा आहे.

प्रथम कोसाइन बाजूला ठेवून त्याला कवेत घेणारे दोन आवेष्टक वक्र काढावेत: वर +A e^(−t/τ) आणि खाली त्याचे प्रतिबिंब. A = १ धरल्यास वरच्या वक्राची उंची ०, ४, ८ आणि १२ मिलीसेकंदांना अनुक्रमे १, ०.३७, ०.१४ आणि ०.०५ येते. नंतर १, ३, ५, ७ मिलीसेकंदांवर शून्यबिंदू मांडावेत. तेथे कोसाइन शून्य असतो. ०, ४, ८ मिलीसेकंदांवर आलेख वरच्या वक्राला आणि २, ६ वर खालच्या वक्राला स्पर्श करतो. या खुणांमधून रेषा नेली की आकृती पूर्ण होते.

चूक होते ती येथेच. स्पर्शबिंदू म्हणजे शिखर, असे समजून तेथे आडवा माथा काढला जातो. परंतु स्पर्शबिंदूवर आलेखाचा उतार आवेष्टकाच्या उताराइतकाच असतो, आणि आवेष्टक तर उतरत असतो. म्हणजे आलेखाने आपले शिखर आधीच गाठलेले असते. शिखरासाठी tan(2πft) = −1/(2πfτ) ही अट आहे. येथे 2πfτ = 2π असल्याने शिखर स्पर्शबिंदूच्या सुमारे ०.१ मिलीसेकंद आधी, म्हणजे ३.९ मिलीसेकंदांना येते. त्याची उंची ०.३७३, तर स्पर्शबिंदूची ०.३६८. शिखर स्पर्शबिंदूहून उंच असले, तरी त्या क्षणीच्या आवेष्टकाहून ते सुमारे सव्वा टक्का खाली असते. हीच तूट प्रत्येक शिखरावर त्याच प्रमाणात राहते. त्यामुळे लागोपाठच्या शिखरांच्या गुणोत्तरावरून τ अचूक मिळतो. चुकते ती केवळ A, तीही अल्पशी. स्वरकाट्यासारख्या मंद विरणाऱ्या दोलनात हा फरक डोळ्यांना दिसतही नाही.

खरा धोका आवेष्टक कोठून सुरू करावा, यात आहे. विलीनीकरणाच्या क्षणी दोलन एवढे साधे नसते. तेथूनच वक्र जुळवला तर f आणि τ चुकीचे येतात. फार उशीर केला तर संकेत गोंगाटात बुडतो, कारण तीन आवर्तनांनंतर केवळ विसावा हिस्सा उरतो. २०१५ च्या संकेतात महत्तम क्षणानंतर १ मिलीसेकंदापासून जुळवणी केली असता उत्तर सापेक्षतावादाच्या अपेक्षेशी जुळले नाही. सुमारे ३ मिलीसेकंदांपासून ते जुळू लागले. त्यापुढे अनिश्चितता वाढत गेली.

हा आटापिटा का, याचे उत्तर त्या दोन संख्यांत आहे. f आणि τ मिळून कृष्णविवराचे वस्तुमान आणि परिवलन ठरवतात. त्याच नादातला दुसरा, अधिक लवकर विरणारा सूरही वेगळा करता आला, तर सापेक्षतावादाची स्वतंत्र परीक्षा होते, कारण दोन्ही सुरांनी एकाच वस्तुमानाची आणि परिवलनाची साक्ष द्यायला हवी. १४ जानेवारी २०२५ रोजी टिपलेला संकेत पहिल्याहून सुमारे तिपटीने स्पष्ट होता, आणि त्यात हा दुसरा सूर ओळखता आला.

विश्वेश्वरा यांचे १६ जानेवारी २०१७ रोजी निधन झाले. कागदावर प्रथम उमटलेला त्यांचा वक्र निसर्गाने ४५ वर्षांनी काढून दाखवला, तो त्यांनी पाहिला होता.