गोणपाटाचं दप्तर आणि तीन शब्दांची जाहिरात

आजचा भाग एका पिशवीवर आहे. कॉन्फरन्सला गेलं की गळ्यात आयकार्ड आणि हातात टोट बॅग पडते ना, तीच. आत एक वही असते आणि दोन्हीवर स्पॉन्सरचा लोगो.

ही आयडिया आयटीवाल्यांची असेल असं मला वाटायचं. पण ती आहे १८८०च्या दशकातली, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कोशॉक्टन नावाच्या छोट्या गावातली. तिथे जॅस्पर मीक नावाचे गृहस्थ वर्तमानपत्र चालवायचे. अंक छापून झाला की छापखाना नुसता पडून राहायचा. असं सांगतात, की एकदा रस्त्यात एका पोराच्या हातातून पुस्तकं पडलेली त्यांनी पाहिली आणि डोक्यात दिवा पेटला. गावात कॅन्टवेल यांचं बुटांचं दुकान होतं. मीकनी त्यांना सुचवलं, की दुकानात येणाऱ्या प्रत्येक मुलाला गोणपाटाचं दप्तर फुकट द्या. त्यावर मी तीन शब्द छापतो: 'बाय कॅन्टवेल शूज'. म्हणजे, कॅन्टवेलचे बूट घ्या.

मुलं रोज ती दप्तरं घेऊन गावभर फिरली. जाहिरात वाचावी म्हणून कुणी दप्तर घेतलं नव्हतं. पुस्तकं ठेवायला काहीतरी हवं होतं म्हणून घेतलं होतं. पुढे मीकनी याच कामाची कंपनी काढली. गावातले दुसरे वर्तमानपत्रवाले हेन्री बीच यांनीही तोच धंदा सुरू केला आणि १९०१ मध्ये दोघे काही काळ एकत्रसुद्धा आले.

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी पुण्यात आमच्या डेव्हलपर ग्रुपच्या कॉन्फरन्ससाठी ३०० पिशव्यांचं डिझाइन माझ्याकडे आलं. मी काय केलं? समोरची अख्खी बाजू भरून लोगो, खाली टॅगलाइन, हॅशटॅग आणि कार्यक्रमाची तारीख. सहा महिन्यांनी आमच्याच स्वयंपाकघरात ती पिशवी दाराला टांगलेली दिसली. आईने ती उलटी करून त्यात कांदे भरले होते! म्हणाली, "बाहेर न्यायची लाज वाटते गं, आणि ती छपाई कडक होऊन तडकलीये." पुढच्या वर्षी स्पॉन्सरने विचारलं, "त्या पिशव्या कुणाकडे दिसतात का?" मला उत्तर देता येईना.

मग छपाईवाल्या काकांकडे जाऊन बसले. त्यांनी पिशवीत लॅपटॉप आणि डबा घातला, ती माझ्या खांद्याला अडकवली आणि आरशासमोर उभं केलं. वरचा भाग काखेत चुरगळला, खालचा भाग वजनाने गोल होऊन तळाकडे वळला. मधला पट्टा तेवढा सपाट राहिला. आमची पिशवी ३८ सेंटीमीटर रुंद, ४२ उंच. वरून १० आणि खालून १० सोडले, की उरले २२. छपाई तेवढ्यातच बसवायची. शिवाय शाईचा मोठा सलग ठोकळा कापडाला पुठ्ठ्यासारखा ताठ करतो आणि घडीवर तडकतो, म्हणून रेघांचं चित्र बरं. शाई नीट तापवून पक्की केली नसेल तरीही ती धुण्यात जाते. त्यामुळे ऑर्डरआधी एक नमुना मागा, छपाई ताणून बघा, दोन-तीनदा धुऊन बघा.

या वेळी मध्यभागी सगळ्यांना कळेल असं एक छोटं चित्र आणि एक ओळ टाकली. स्पॉन्सरचा लोगो त्याच पट्ट्यात, चित्राच्या खाली, पाच सेंटीमीटर रुंद. तारीख काढून टाकली, कारण तारीख छापली की दुसऱ्या दिवसापासून पिशवी जुनी.

वहीचंही तेच. आधी प्रत्येक पानावर फिकट लोगो होता. त्यावर लिहिलं की अक्षरच वाचता येत नव्हतं. आता पानं कोरी ठेवली. कव्हरवर शाईऐवजी दाबून उठवलेला लोगो, मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात. हाताने घासून तो जात नाही. कार्यक्रमाचं नाव आणि वर्ष आतल्या पहिल्या पानावर.

स्पॉन्सर आधी कुरकुरला, "लोगो इतका लहान?" मी त्यांना ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेचा २०११ मधला अभ्यास दाखवला. हवामानावरच्या परिणामाच्या हिशेबात, एकदाच वापरलेल्या साध्या प्लास्टिक पिशवीशी बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. म्हणजे कांद्यांसाठी दाराला टांगलेली पिशवी दोन्हीकडून तोट्याची: कापडही वाया, जाहिरातही. ते तयार झाले.

परवा आई भाजी घेऊन आली, नवीन पिशवीतून. सुलट बाजूने.

तुमच्या घरात अशी किती वर्षांची कॉन्फरन्सची पिशवी अजून वापरात आहे? तिच्यावर काय छापलंय, ते नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!