एकाच्या पगारावर घर चालतंय? मोटारसायकलचं डाऊन पेमेंट आणि हप्त्याची मुदत अशी ठरवा

तीर्थपुरी (ता. घनसावंगी) : दसरा-दिवाळी आली की शोरूमच्या दारात बोर्ड लागतात. ‘फक्त एवढे भरा, गाडी घरी न्या’. बोर्डावर डाऊन पेमेंटचा आकडा मोठा असतो, हप्ता किती आणि किती महिने हे बारीक अक्षरात असतं. घरात दोघं कमावते असतील तर एखादा महिना ओढाताण झाली तरी निभावतं. पण एकाच्याच पगारावर घर असेल, तर तो माणूस पंधरा दिवस अंथरुणाला खिळला की हप्ता थकतो. अशा घराने डाऊन पेमेंट किती द्यावं आणि मुदत किती घ्यावी, हे एका उदाहरणावरून पाहू.

उदाहरणातलं कुटुंब तीर्थपुरीतलं आहे. नवरा-बायको, दोन शाळकरी मुलं आणि म्हातारी आई. कमावता एकच, घनसावंगीला खाजगी नोकरी, हातात पगार १९,००० रुपये. आजवर एसटी आणि वडापने ये-जा चालली. आता गाडी घ्यायची आहे. ऑन रोड किंमत १,०५,००० रुपये. घरात साठवलेले ५५,००० रुपये आहेत.

आधी हप्ता ठरवा, गाडी नंतर

बहुतेक जण उलटं करतात. गाडी पसंत पडते, मग फायनान्सवाला हप्ता सांगतो, मग घरी येऊन ‘बसतंय का’ ते बघतात. पगाराच्या अमुक टक्क्यांपर्यंत हप्ता चालतो, असंही सांगितलं जातं. पण १९ हजारांत दोन माणसांचं घर आणि पाच माणसांचं घर यांत फरक आहे. म्हणून टक्केवारी सोडून घरातला खर्च मांडलेला बरा.

या कुटुंबाचा किराणा, दूध, गॅस, लाईट बिल, मोबाईल, आईची औषधं, मुलांचा किरकोळ खर्च मिळून महिन्याला १३,५०० रुपये जातात. इथवर हिशेब सगळेच करतात. राहून जातो तो वर्षातून एकदाच येणारा खर्च. जूनमध्ये वह्या-पुस्तकं, फी आणि गणवेश, दिवाळीचे कपडे, लग्नसराईतले आहेर. या घरात तो वर्षाला साधारण १८,००० रुपये होतो, म्हणजे महिन्याला १,५०० रुपये. हा खर्च सोडून दिला तर हप्ता जूनमध्ये थकतो, आणि ‘सगळं बरोबर चाललं होतं, कसं काय झालं’ असा प्रश्न पडतो.

पगारातून हे १५,००० रुपये गेले, उरले ४,०००. एसटीचं भाडं वाचेल, पण पेट्रोल आणि सर्व्हिसिंग लागेल. ते वजाजाता जास्तीचे ८०० रुपये धरले. गाडीचा विमाही विसरू नये. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा भरावा लागतो. तो विमा आणि अडीनडीसाठी महिन्याला ७०० रुपये बाजूला ठेवले, तर उरतात २,५००. हाच या घराचा हप्ता. पगार १९ हजार आहे म्हणून शोरूममध्ये साडेतीन-चार हजारांचा हप्ताही मंजूर होऊ शकतो, पण मंजूर होणं वेगळं आणि दर महिन्याला भरणं वेगळं.

५५ हजार हातात आहेत, सगळे भरायचे का?

व्याजदर वर्षाला १८ टक्के, कमी होत जाणाऱ्या शिलकीवर, असा धरू. दर ज्याच्या-त्याच्या क्रेडिट रेकॉर्डवर आणि फायनान्स कंपनीवर बदलतो.

डाऊन पेमेंट १५,००० दिलं तर कर्ज ९०,००० रुपये होतं. तीन वर्षांचा हप्ता ३,२५४ रुपये बसतो. आपल्या मर्यादेच्या साडेसातशे रुपये वर. हा पर्याय इथेच संपला.

सगळे ५५,००० भरले तर कर्ज ५०,००० रुपयांवर येतं. दोनच वर्षांत फेडायचं म्हटलं तरी हप्ता २,४९६ रुपये, एकूण व्याज सुमारे ९,९०० रुपये. कागदावर याच्यासारखं दुसरं काही नाही. हप्ता मर्यादेत, व्याज कमी, कर्ज लवकर संपतं.

३५,००० भरून २०,००० हातात ठेवले तर कर्ज ७०,०००, तीन वर्षांचा हप्ता २,५३१ रुपये, एकूण व्याज सुमारे २१,१०० रुपये. हप्ता जवळपास तेवढाच, पण वर्षभर जास्त आणि व्याज ११ हजारांनी जास्त.

मग शहाणपण कशात? दोन कमावते असतील तर ५५,००० भरणं बरोबर. एकाच्या पगारावरच्या घरात मात्र ते धोक्याचं आहे. समजा चौथ्या महिन्यात कमावत्याला टायफॉईड झाला आणि महिनाभराचा पगार बुडाला. घर चालवायला १३,५०० आणि हप्ता मिळून सोळा हजार लागतील. हातात शून्य असेल तर हप्ता बाऊन्स होतो. फायनान्स कंपनी दंड लावते, बँकही खात्यात पैसे नसल्याचे पैसे कापते. शेवटी हप्ता भरायला हातउसने किंवा खाजगी सावकाराकडून पैसे आणावे लागतात, आणि दोन वर्षांत वाचवलेलं व्याज तिकडे जातं. थकलेला हप्ता क्रेडिट रिपोर्टमध्येही दिसतो. पुढे बँकेत दुसरं कर्ज मागायला गेलं की तोच कागद समोर येतो.

म्हणून जास्तीचे ११ हजार व्याज हे २० हजार रुपये हातात ठेवण्याची किंमत आहे. महाग आहे, यात शंका नाही. पण २० हजारांतून एक महिना घर आणि हप्ता दोन्ही निघतं, त्यापलीकडे फारसं नाही. एका पगाराच्या घराने निदान एवढं तरी हाताशी ठेवावं, त्याला हात लावून डाऊन पेमेंट वाढवू नये.

मुदत लांबवली तर?

शोरूममधला माणूस चार वर्षांचाही पर्याय देतो. ७०,००० कर्जावर ४८ महिन्यांचा हप्ता २,०५६ रुपये येतो. महिन्याला पावणेपाचशे वाचले म्हणून बरं वाटतं, पण व्याज २८,७०० वर जातं, म्हणजे साडेसात हजार जास्त. शिवाय चौथ्या वर्षी रोजच्या पळत्या गाडीचे टायर, चेनसेट, बॅटरी बदलायला येतात. हप्ताही चालू आणि दुरुस्तीही चालू. दुचाकीला तीन वर्षांच्या पुढे जायची वेळ येत असेल, तर गाडी आपल्या घरासाठी महाग आहे असं समजावं.

या कुटुंबासाठी खरा मार्ग त्यातच आहे. ८५,००० ऑन रोडची साधी गाडी पाहिली, ३०,००० भरले, तर कर्ज ५५,००० रुपये. अडीच वर्षांचा हप्ता २,२९० रुपये, व्याज सुमारे १३,७०० रुपये, आणि हातात २५,००० शिल्लक. म्हणजे एक महिना नव्हे, दीड महिना निघतो. रोज घनसावंगीला जायला-यायला १००-११० सीसीची गाडी पुरते.

मोठीच गाडी हवी असेल तर सहा महिने थांबायचं. पगार झाला की २,५०० रुपये वेगळ्या खात्यात टाकायचे, जणू हप्ताच सुरू आहे. सहा महिन्यांत १५,००० रुपये जमतात. मग ५०,००० डाऊन पेमेंट देऊनही २०,००० हातात राहतात आणि कर्ज ५५,००० वरच थांबतं. या सहा महिन्यांत दोनदा तरी ते पैसे काढावे लागले, तर २,५०० चा हप्ता या घराला झेपत नाही हे कर्ज न काढताच कळतं.

ज्यांचं घर ऊस-कापसावर चालतं त्यांना हा हिशेब थोडा बदलावा लागेल. उसाचं बिल एकदम येतं, हप्ता मात्र दर महिन्याला जातो. त्यांनी बिल आलं की डाऊन पेमेंट जास्त द्यावं आणि हप्ता ज्या महिन्यात फक्त दुधाचे पैसे येतात त्या महिन्यावर बेतावा.

सही करण्याआधी काय पाहायचं

‘९ टक्के व्याज’ ऐकून हुरळून जाऊ नका. तो फ्लॅट दर असतो. ७०,००० वर तीन वर्षे ९ टक्के म्हणजे १८,९०० व्याज, हप्ता २,४६९. पण आपण दर महिन्याला मुद्दल फेडत असतो, तरी व्याज पूर्ण ७०,००० वरच लावलेलं असतं. शिलकीवर मोजलं तर तोच दर सव्वासोळा टक्क्यांच्या आसपास जातो.

खरा दर कळायला एक कागद आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना किरकोळ कर्जदाराला ‘केएफएस’ म्हणजे मुख्य तथ्यांचं पत्रक, त्याला समजेल अशा भाषेत द्यावं लागतं. त्यात सगळे चार्जेस धरून वार्षिक दर, म्हणजे ‘एपीआर’, लिहिलेला असतो. पत्रकात नसलेला चार्ज कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. या पत्रकातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस चालू राहतात. म्हणजे कागद घरी आणून, लिहिता-वाचता येणाऱ्या पोराकडून वाचून घ्यायला वेळ आहे. ‘आजच सही करा, उद्या ऑफर नाही’ म्हणणाऱ्याला हे सांगायला हरकत नाही.

डाऊन पेमेंटची पावतीही फोडून घ्या. १५,००० भरले म्हणजे किमतीतून १५,००० कमी झाले असं दर वेळी नसतं. त्यातून प्रोसेसिंग फी, कागदपत्रांचा खर्च आणि कधी कधी पहिला हप्ता आगाऊ कापलेला असतो. ऑन रोड किमतीतून प्रत्यक्ष किती वजा झाले आणि कर्ज किती राहिलं, हे दोन आकडे लिहून घ्या. कर्जाच्या रकमेत विचारल्याशिवाय एखादा विमा घातला आहे का, तेही तिथेच दिसतं. जुनं कोटेशन घेऊन जात असाल तर नवं मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे.

मध्येच हातात पैसे आले तर कर्ज लवकर फेडता येईल का, किती महिन्यांनंतर आणि त्याला किती चार्ज, हेही सहीच्या आधी विचारा. दुचाकीचं कर्ज बहुधा स्थिर दराचं असतं आणि त्यावर मुदतपूर्व फेडीचा चार्ज असू शकतो.

राहिली हप्त्याची तारीख. पगार ७ तारखेला होत असेल आणि हप्ता ५ ला कापला जात असेल, तर पैसे असूनही हप्ता बाऊन्स होतो. सुट्टी आली की पगार ८-९ ला जातो. या कुटुंबाने तारीख १० किंवा त्यानंतरची मागावी, आणि फॉर्मवर तीच लिहिली आहे ना ते पाहूनच सही करावी.