ऐंशी-वीसची कुळकथा

मुंबई विद्यापीठात इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही ‘ऐंशी-वीस’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. सत्राअखेरची लेखी ८० गुणांची, आणि सत्रात दोन चाचण्या घेऊन त्यांच्या सरासरीचे २० गुण, त्यांचं बोलीतलं नाव ‘इंटर्नल’. एका पेपरावर सगळं ठरू नये म्हणून हे वीस गुण वेगळे काढलेले असतात. तरी पोरांना विचारा, निकाल कशावर ठरतो? ती लेखीच म्हणतील, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. असं का होतं, याचं उत्तर या वीस गुणांच्या खानदानात सापडतं.

आपल्याकडची मूळ पद्धत शंभर-शून्य होती. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. ते विद्यापीठ तेव्हा शिकवत नव्हतं, परीक्षा घेऊन पदव्या देत होतं. शिकवायचं कॉलेजांनी आणि तपासायचं विद्यापीठाने, अशी ही वाटणी होती. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर हे मुंबई विद्यापीठाचे १८६२ चे पहिले पदवीधर याच पद्धतीतून बाहेर पडले. कॉलेजातल्या वर्षभराच्या कामाचा उपयोग एकच होता, ‘टर्म भरणं’. हजेरी पुरेशी असली की परीक्षेला बसू देत. पुढे जे व्हायचं ते अनोळखी परीक्षकाच्या टेबलावर.

या पद्धतीला तेव्हा सबळ कारण होतं, हे विसरून चालणार नाही. परीक्षक उमेदवाराला ओळखत नव्हता. कॉलेज सरकारी असो वा मिशनरी, गुरुजींची मर्जी असो वा नसो, उत्तरपत्रिकेवर आसनक्रमांकाखेरीज काही नसे. जातपात आणि वशिला यांनी गांजलेल्या समाजाला हा मोठा आधार होता, आणि अजूनही आहे. अंतर्गत गुणांना आजही जो विरोध होतो त्यातला बराचसा वशिल्याच्या भीतीपोटी असतो.

दुखणं मात्र लवकर उघड झालं. १९०२ च्या भारतीय विद्यापीठ आयोगाने लिहून ठेवलं की इथे परीक्षा शिकवण्याच्या मागे चालत नाही, शिकवणंच परीक्षेच्या मागे फरपटतं. १९१७ ते १९१९ च्या सॅडलर आयोगातही हाच सूर होता. त्या आयोगाचे एक सदस्य फिलिप हार्टॉग. ते पुढे ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले आणि इंग्लंडला परतल्यावर त्यांनी ई. सी. ऱ्होड्स या संख्याशास्त्रज्ञासोबत थेट परीक्षेचीच परीक्षा घेतली. १९३५ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला.

त्यातला इतिहासाचा प्रयोग सांगण्यासारखा आहे. शालेय परीक्षेतल्या पंधरा उत्तरपत्रिका निवडल्या. सगळ्यांना मूळ परीक्षेत सारखेच, मध्यम गुण मिळालेले होते. त्या पंधरा अनुभवी परीक्षकांकडून तपासून घेतल्या. वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ मध्ये जाऊ दिला आणि त्याच उत्तरपत्रिका, जुन्या खुणा न ठेवता, त्याच परीक्षकांपैकी चौदा जणांना पुन्हा दिल्या. नापास, पास की विशेष पास, एवढाच निवाडा पाहिला तरी २१० पैकी ९२ वेळा परीक्षकाने स्वतःचाच आधीचा निर्णय बदलला होता. परीक्षक वेगळा नव्हता, उत्तरही वेगळं नव्हतं, तारीख तेवढी वेगळी होती.

एका परीक्षेला सगळा भार देऊ नये, याचं पक्कं कारण हेच आहे. विद्यार्थ्याचा एखादा दिवस वाईट जातो हे खरंच, पण मोजमापातच चूक असते हे जास्त खरं. पुढे ऑक्सफर्डचे प्राध्यापक झालेले एजवर्थ यांनी १८८८ मध्येच परीक्षेच्या गुणांकडे निरीक्षणातल्या चुकीसारखं पाहावं असा विचार मांडला होता. चुका एकमेकींशी संबंधित नसतील आणि सारख्या आकाराच्या असतील तर चार वेगवेगळ्या मोजमापांच्या सरासरीतली चूक एका मोजमापातल्या चुकीच्या निम्म्यावर येते. मात्र चारही मोजमापांना खरोखर वजन असलं पाहिजे. त्यातली तीन नुसती शोभेला बसवली तर चूक जिथल्या तिथे राहते.

स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या अहवालात प्रत्येक विषयाचे एक तृतीयांश गुण वर्षभरातल्या कामासाठी राखून ठेवायला सांगितलं. ऐंशी-वीस, पंच्याहत्तर-पंचवीस, साठ-चाळीस ही सगळी मंडळी याच शिफारशीच्या कुळातली. पण पुढे १९६४ ते १९६६ चा कोठारी आयोग, ज्याचे सदस्य-सचिव कोल्हापूर भागातले जे. पी. नाईक होते, तो एक पाऊल बाजूला झाला. अंतर्गत मूल्यमापन जरूर करा, असं त्याचं म्हणणं, पण त्याचे गुण बाहेरच्या परीक्षेच्या गुणांत यांत्रिकपणे मिसळू नका, गुणपत्रिकेवर दोन्ही वेगळे दाखवा. मला हा सल्ला फार शहाणपणाचा वाटतो. व्यवहारात तो कुणी ऐकला नाही, कारण प्रवेशाच्या यादीला एकच आकडा हवा असतो.

आणि बेरीज केली की गंमत सुरू होते. समजा, एका विषयाला अंतर्गत ४० आणि लेखी ६० अशी मांडणी आहे. पहिल्या नजरेत कुणीही म्हणेल, लेखीचं वजन ६० टक्के. आता वर्गाचे गुण बघा. सर हात सैल ठेवतात, त्यामुळे अंतर्गत गुण बहुतेक ३२ ते ३८ च्या दरम्यान पडतात. लेखीत मात्र कुणाला १५, कुणाला ५२. वर्षभर मान मोडून काम केलेल्या मुलीला अंतर्गत ३८ मिळाले आणि लेखीत ३०, एकूण ६८. दांड्या मारणाऱ्याला अंतर्गत ३३ आणि लेखीत ३८, एकूण ७१. वर्षभराच्या मेहनतीचा फरक पाच गुणांचा. लेखीतल्या एका दहा गुणांच्या प्रश्नाने तो धुऊन निघतो.

संख्याशास्त्रात हे मोजता येतं. एखाद्या घटकाचं खरं वजन त्याच्या कमाल गुणांवर ठरत नाही, ते त्या घटकाचे गुण वर्गात किती पसरलेत यावर ठरतं, आणि काही अंशी बाकीच्या घटकांशी त्याचं किती जुळतं यावर. पसरण मोजायला प्रमाण विचलन घ्यायचं. वरच्या वर्गात अंतर्गत गुणांचं प्रमाण विचलन २ आणि लेखीचं १० धरा, दोहोंमधला सहसंबंध ०.५ धरा. एकूण गुणांतल्या चढउतारात अंतर्गतचा वाटा निघतो सुमारे ११ टक्के आणि लेखीचा ८९. अभ्यासक्रमात चाळीस-साठ लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात चालतं अकरा-एकोणनव्वद. अंतर्गत गुण नीट पसरले, म्हणजे विचलन ६ झालं आणि लेखीचं १० च राहिलं, तर तोच हिशेब ३४-६६ वर येतो. सरांनी कमाल गुण वाढवायची गरज नव्हती, प्रश्न जरा टोकदार काढायची होती.

पण एकसारखे वाटलेले गुण अगदीच निष्प्रभ असतात असंही नाही. ते क्रम बदलत नाहीत, पण सगळ्या रांगेला उचलून उंबऱ्यापलीकडे ठेवतात. दहावीच्या निकालांत हे महाराष्ट्राने पाहिलं. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण काढून पूर्ण शंभरची लेखी मार्च २०१९ ला घेतली गेली. २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के होता, तो ७७.१० वर आला. लेखी-तोंडी मिळून ३५ ला पास असा हिशेब धरला तर तोंडीच्या १८ गुणांवर लेखीत ८० पैकी १७ पुरत होते. ती शिडीच गेली. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता, त्यामुळे सगळा दोष एकट्या बदलावर टाकता येत नाही. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परतले आणि निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरीने गुण दिले होते, हेही लक्षात ठेवावं. २०२१ ला तर लेखीच झाली नाही. नववीचा निकाल ५०, दहावीचं अंतर्गत लेखी मूल्यमापन ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिक २० असं गणित मांडलं गेलं आणि ९९.९५ टक्के पास झाले. ज्या मूल्यमापनात कुणीच मागे राहत नाही त्याच्या अंगी निवड करण्याचं बळ नसतं. म्हणूनच अकरावीसाठी वेगळी प्रवेश परीक्षा घ्यायचा घाट घातला गेला, जी नंतर उच्च न्यायालयाने रद्द केली.

वजनाला आणखी एक चोरवाट आहे. ऐंशी-वीसमध्ये दोन्ही ‘हेड’ वेगवेगळे पास व्हावे लागतात, २० पैकी ८ आणि ८० पैकी ३२. एखाद्याला अंतर्गत वीसपैकी वीस आणि लेखीत ३१ मिळाले तर बेरीज ५१ होते, तरीही त्याची केटी लागते. म्हणजे त्या पेपराला नुसतं वजन नाही, नकाराधिकार आहे. ज्या विषयात चूक जिवावर बेतू शकते तिथे असा अधिकार योग्यच. सरसकट सगळीकडे ठेवला की भाराची वाटणी कागदापुरती उरते.

आता स्वायत्त कॉलेजांना स्वतःची मांडणी करायची मुभा आहे, म्हणून एक आराखडा तपासून पाहू. प्रत्येकी २० गुणांच्या तीन चाचण्या, त्यातल्या चांगल्या दोन धरायच्या, म्हणजे ४०. जर्नल आणि व्हायवा २०. सत्रान्त ४०. पहिली कसोटी अशी: बाकी सगळीकडे ८० टक्के मिळवणारी मुलगी सत्रान्त परीक्षेच्या दिवशी आजारी पडून शून्यावर गेली तर काय? तिला ६० चे ८० टक्के, म्हणजे ४८ मिळतात आणि ४० च्या रेषेवर ती टिकते. ऐंशी-वीसमध्ये तिला १६ मिळाले असते. अशा मुलीला वाचवायचं तर कुठल्याही एका परीक्षेचा वाटा ५० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, एवढं साधं गणित आहे. चांगल्या दोन धरल्याने एका चाचणीच्या वाईट दिवसाची भरपाई होते आणि वैद्यकीय प्रमाणपत्रांची भांडणंही मिटतात.

दुसरी कसोटी पसरणीची, आणि बहुतेक आराखडे इथेच झोपतात. जर्नलला सगळ्यांना १८ किंवा १९ दिले असतील तर ते वीस गुण निकालात नाहीतच. भार उरलेल्या ८० मध्ये वाटला जातो आणि सत्रान्तचा हिस्सा चाळीसवरून पन्नासकडे सरकतो. यावर व्हायवाला वेगळे गुण ठेवणं, किंवा गुण बेरजेला घेण्याआधी सरासरी वजा करून प्रमाण विचलनाने भागणं, असे उपाय आहेत. दुसरा उपाय चाळीस जणांच्या वर्गात पोरांना समजावताना नाकी नऊ येतात, म्हणून मी पहिलाच सुचवेन. मात्र अंतर्गत गुण पसरवायचे तर शिक्षकाला कमी गुण देण्याची हिंमत लागते, आणि ते का दिले याची नोंद लागते. ती नोंद नसेल तर मर्जीचा जुना आरोप परत येतो, आणि तो खोटाच असेल असं नाही.

यंदा सत्राचा आराखडा लिहायला बसाल तेव्हा गेल्या वर्षीची गुणांची शीट उघडा, प्रत्येक रकान्याखाली `=STDEV.P(...)` लावा, आणि येणारे आकडे अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर छापलेल्या टक्केवारीशेजारी लिहून ठेवा.